काड्या की अंडी, आधी ते बघा

> ग्रिलवर कावळे काड्या आणतायत, घरटं काढू का?

नुसत्या काड्या असतील तर आजच काढा. दोन-तीन दिवस पुन्हा आणतील, तुम्हीही रोज काढा. वाळत घातलेले तारेचे हँगरही आत ठेवा, घरट्यासाठी ते हमखास पळवतात.

आत काथ्या, केस यांचं मऊ अस्तर दिसलं तर मात्र अंडी आहेत का ते लांबून बघा. असतील तर कृपया हात लावू नका. अंडी उबायला 16-17 दिवस, पिल्लं उडायला आणखी साधारण महिना. आमच्याकडे मेमध्ये हेच झालं. डोक्यावर टोच मारायचे, म्हणून कपडे वाळत घालताना छत्री उघडून जायचो. पिल्लं गेल्यावर घरटं काढून जाळी लावली. जाळी ताणूनच बसवा, सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात.