मदत हवी आहे: कॅमेरा चालू झाला की गिऱ्हाईक पाठ केल्यासारखं बोलतंय, स्क्रिप्ट कशी लिहू?

फवारा_तासगाव
लवकर सांगा कोणीतरी, परवा परत शूट आहे. शेठनी सांगितलंय, मशीन घेतलेल्या गिऱ्हाइकांचे व्हिडिओ करा. मी स्क्रिप्ट लिहून आदल्या दिवशी आबांना व्हॉट्सॲपवर पाठवली. आबा एरवी पारावर बसले की थांबत नाहीत, पण कॅमेरा चालू झाला की पंधरा ऑगस्टचं भाषण. स्क्रिप्ट अशी: "नमस्कार, मी एक प्रगतशील द्राक्ष बागायतदार आहे. हे मशीन घेतल्यापासून माझ्या वेळेची व पैशाची बचत झाली असून उत्पन्नात भरघोस वाढ झाली आहे." सोपी करून दिली तरी तेच. काय बदलू?

मिरज_जंक्शन
कसलं मशीन? किती मिनिटांचा व्हिडिओ? प्रश्न कोण विचारतं? विचारणाऱ्याचा आवाज ठेवणार की कापणार? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

फवारा_तासगाव
अहो ब्लोअर, ट्रॅक्टरच्या मागं जोडून बागेत औषध फवारतात तो. दीड मिनिटाचा, मोबाईलवरच घेतो. प्रश्न कोणी विचारत नाही, आबा थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात. शेठ मागं उभे असतात. आवाज फक्त आबांचा पाहिजे.

विटेकर_फोटो
सोपं आहे. टेलिप्रॉम्प्टरचं ॲप टाका आणि एकेक वाक्य म्हणून घ्या. मध्ये कट आला की वर ब्लोअर चालतानाचे शॉट टाकायचे. आम्ही लग्नातल्या शुभेच्छा अशाच घेतो.

कृष्णाकाठ
विटेकर, कटवर ब्लोअरचे शॉट टाकायचे हे बरोबर. पण वाचायला लावलं की डोळे डावीकडून उजवीकडं सरकतात, ते मोबाईलवर बघणाऱ्यालाही कळतं. आणि आबांना चष्मा असेल तर त्यात अक्षरं दिसतील ती वेगळीच.

तासगावकर, आबांना उत्तरं लिहून देऊच नका. तुम्ही लिहायचे ते तुमचे प्रश्न. पाठ केलेला माणूस ओळखायचा कसा, तर अडखळला की तो चुकलेल्या जागेवरनं पुढं जात नाही, परत "नमस्कार"पासनं सुरू करतो. आबांचं असंच होतंय ना? आता त्यांना आधी एवढंच सांगा की पाईप ओढत गनवर फवारायचा तेव्हाचं आणि आताचं विचारणार आहे. प्रश्नसुद्धा पाठवू नका, घरात कोणीतरी उत्तरं बसवून देतंच.

दुसरं, शेठना चहाला पाठवा. ज्याच्याकडनं मशीन घेतलं तो समोर उभा असताना कोण मोकळं बोलेल? तुम्ही कॅमेऱ्याला चिकटून, आबांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. आबांनी तुमच्याकडं बघायचं, कॅमेऱ्याकडं नाही.

फवारा_तासगाव
हो, परत नमस्कारपासनंच सुरू करतात! पण प्रश्न विचारला तर "एक नंबर मशीन आहे" एवढंच म्हणतात. मग काय करायचं?

कराडची_काकू
माझ्या मसाल्याचे व्हिडिओ मी शेजारणीकडून विचारून घेते. बायका खुलतात. तुम्ही पण बागेतल्या बायकांना घ्या ना.

मिरज_जंक्शन
काकू, ब्लोअर आबांनी घेतलाय.

कृष्णाकाठ
"कसं वाटलं?" विचारलं की "एक नंबर"च येणार. "फायदा झाला का?" विचारलं की "हो, झाला". मत मागू नका, एखादा दिवस मागा. आणि तुमचा आवाज कापायचा आहे, म्हणून प्रश्न असा पाहिजे की उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहील. "एकराला किती वेळ लागतो?" याचं उत्तर "तासभर". प्रश्न कापल्यावर त्या "तासभर"चं काय करणार?

सुरुवात अशी करा: "आबा, मला बागेतलं काही कळत नाही असं धरा. गनवर फवारायचा तेव्हा सकाळी बागेत गेल्यापासनं काय काय व्हायचं ते सांगा." मग पंप, पाईप, माणसं सगळं आपोआप येतं. पुढचा प्रश्न: "छाटणीनंतर पाऊस लागला आणि दावण्या रोगाची भीती होती, त्या वेळी गडी मिळाला नाही असं कधी झालं? त्या दिवसाचं सांगा." मग "मशीन घेताना मनात काय शंका होती? घरात कोण नको म्हणालं?" हा प्रश्न सोडू नका. बघणाऱ्याच्या मनात तीच शंका असते. शेवटी "पहिल्यांदा चालवला त्या दिवशी काय झालं?"

उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मान हलवत गप्प बसा, मनात चार आकडे मोजा. पहिलं वाक्य लोक जगासाठी बोलतात, खरं त्याच्यामागनं येतं. आणि "ॲक्शन" म्हणू नका. कॉलरला माईक लावताना, पाणी पिताना मोबाईल चालूच ठेवा.

ढालगाव_बाग
ब्लोअरनं घडाच्या आतपर्यंत औषध जातं का ओ? आमच्याकडं कॅनोपी दाट आहे, नोझल कुठले लावायचे?

विटेकर_फोटो
तो वेगळा धागा काढा की. कृष्णाकाठ, तुमची पद्धत चांगली, पण यात तासभराचं फुटेज होतं. दीड मिनिटाला कोण कापत बसणार? त्यापेक्षा प्रश्न उत्तरात घेऊन बोला असं सांगायचं: "मी ब्लोअर का घेतला, तर..."

कृष्णाकाठ
पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, तासभर कशाला? आणि प्रश्न उत्तरात घ्या म्हटलं की माणूस परीक्षेत बसल्यासारखा बोलतो. एखाद्याला जमतं, आबांना जमणार नाही. उत्तर अर्धवट आलं तर "परत सांगा" म्हणू नका, परत म्हटलं की पाठांतर सुरू. "पाईप ओढायला कोण असायचं म्हणालात?" असं मधनं पकडा. ते नव्यानं सांगतात, आणि वाक्य पूर्ण येतं.

फवारा_तासगाव
आज दुपारी असंच करून बघितलं, शेठ नव्हते. आबा म्हणाले, "एक गडी गनला, एक पंपापाशी, आणि पाईप ओढायला मी. बांधाला पाईप अडकला की माघारी जायचं, सोडवायचा, परत यायचं. संध्याकाळी हात वर होत नव्हता." हे बोलताना त्यांनी खांदाच धरला. शंकेचं विचारलं तर म्हणाले, "मंडळी म्हणाल्या, एवढ्या पैशात ट्रॅक्टरचा हप्ता फिटला असता." मी चार मोजेपर्यंत गप्प बसलो तर पुढं म्हणतात, "चिखल असला की हा पण बागेत जात नाही, त्या दिवशी परत गनच." आता हे काढायचं का? शेठ म्हणतात काढ.

मिरज_जंक्शन
काढा. जाहिरातीत खोट कोण दाखवतं?

कृष्णाकाठ
मी ठेवीन. द्राक्षवाल्याला माहीत आहे चिखलात ट्रॅक्टर रुततो. आबांनी स्वतः सांगितलं तर पाईपचंही खरं वाटतं. काढायचंच असेल तर काढा, पण "पावसातही बिनधास्त" असं वर लिहू नका. आणि "उत्पन्नात भरघोस वाढ" काढून टाका. उत्पन्न छाटणी, हवामान, भाव सगळ्यावर असतं, ब्लोअरच्या नावावर ते कसं लावणार?

सातारी_वकील
एक विचारतो. आबांना सूट किंवा फुकट सर्व्हिस दिली आहे का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बोलणाऱ्याचा विक्रेत्याशी असा संबंध असेल आणि बघणाऱ्याला तो अपेक्षित नसेल, तर जाहिरातीत सांगावा लागतो. व्हिडिओ वापरायची परवानगीही लेखी घ्या.

फवारा_तासगाव
पहिली सर्व्हिस फुकट केली होती, पण ती सगळ्यांनाच करतो.

सातारी_वकील
सगळ्यांनाच असेल तर प्रश्न वेगळा. व्हिडिओच्या बदल्यात दिली असेल तर लिहा.

फवारा_तासगाव
बदल्यात नाही. बरं, आवाजाचं सांगा. मागं ब्लोअर चालू ठेवून आबांना बोलायला लावलं तर आवाज चालेल ना? शेठना मशीन चालू दिसायला पाहिजे.

विटेकर_फोटो
नाही चालणार. बोलणं बंद मशीनपाशी घ्या, चालू मशीनचे शॉट वेगळे. कॉलरच्या माईकला फोमची टोपी घाला, बागेत वारा असतो.

ढालगाव_बाग
नोझलचं कोणी सांगेल का?