शब्दचर्चा: ‘कोअर’ला गाभा म्हणावं का? आणि होमोमॉर्फिझमला काय?

मृदुला
आलेखांवरची टिपणं मराठीत लिहिते आहे. आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, एवढंच; फलनाचा आलेख नव्हे. दोन शब्दांवर गाडं अडलंय.

पहिला होमोमॉर्फिझम. मी ‘समरूपता’ लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, “सात बिंदूंचं चक्र आणि पाच बिंदूंचं चक्र समरूप कसं काय?” प्रश्न रास्त आहे. सातांचं चक्र पाचांच्या चक्रात पाठवता येतं: सात बिंदूंना क्रमाने १, २, ३, ४, ५, १, २ या जागा द्या. शेजारचे दोघे दर वेळी शेजारीच पडतात, आणि शेवटचा २ पहिल्या १ला लागूनच आहे. अट एवढीच की कड कडेवर जावी. उलट मात्र जमत नाही. सातांच्या चक्रावर पाच पावलं चालून निघाल्या जागी परत यायचं असेल तर एक तर पूर्ण फेरी मारावी लागेल, म्हणजे सात पावलं, नाही तर गेल्या वाटेने मागे फिरावं लागेल, आणि तेव्हा पावलं समच होतात. पाच बसत नाहीत. एकाच दिशेने चालणाऱ्या गोष्टीला ‘सम’ म्हणायला जीभ वळत नाही.

दुसरा शब्द कोअर, म्हणजे आलेख आपल्याच ज्या सर्वांत लहान तुकड्यात असा पाठवता येतो तो तुकडा. ‘गाभा’ सुचतो, पण मन खायचं थांबत नाही तोवर लिहायचं नाही असं ठरवलंय, आणि मन खातंय.

आप्पा_व्याकरणवाले
‘सम’ आयसोमॉर्फिझमसाठी राखून ठेवा, जिथे दोन्ही आलेख तंतोतंत एकाच आकाराचे असतात; तिथे ‘एकरूपता’ही चालेल. होमोला ‘अनुरूपता’ का नको? अनु म्हणजे मागून जाणारा, त्यामुळे दिशा आपोआप आली. बाकी होमोमॉर्फिझम हाही एक मॅप, म्हणजे नकाशाच; आणि नकाशांच्या रंगांबद्दल मला एवढंच ठाऊक की चार रंग पुरतात, तेव्हा K₄ वरच, म्हणजे सगळे एकमेकांना जोडलेल्या चार बिंदूंवरच, थांबायला हवं ना?

कडेलोट
आप्पा, अनुरूपता कानाला छान आहे, पण अनुरूप म्हटलं की लोकांना स्थळं आठवतात. :)

चार रंगांची गोष्ट वेगळी. ती फक्त कागदावर कडा एकमेकींना न छेदता काढता येणाऱ्या आलेखांची आहे. इथे आलेख कुठलाही असू शकतो, त्याला हजार रंगही लागतील. घोळ ‘नकाशा’ या शब्दाने झालाय. मॅपला नकाशा म्हटलं की देशांच्या सीमा डोळ्यांपुढे येतात. म्हणून मी ‘चित्रण’ वापरतो, आणि क्रियापद म्हणून ‘उतरणे’. G हा H मध्ये उतरतो. सातांचं चक्र पाचांच्या चक्रात उतरतं, पाचांचं सातांत उतरत नाही. वाक्य सरळ होतं आणि नामाची गरज निम्म्याने कमी होते.

आलेख रंगवण्याचंही यातच येतं, म्हणजे जोडलेल्या दोन बिंदूंना वेगवेगळे रंग देण्याचं. K₃ म्हणजे तीन बिंदू, प्रत्येक जण इतर दोघांना जोडलेला, स्वतःला कुणीच नाही. त्या तिघांना लाल, हिरवा, निळा अशी नावं द्या. आता G तीन रंगांत रंगवता येतो म्हणा किंवा G हा K₃ मध्ये उतरतो म्हणा, एकच. कड असलेले दोन बिंदू एकाच रंगावर आले तर त्या कडेला उतरायला जागाच नाही, कारण लालपासून लालपर्यंत कड नाही. वेगवेगळ्या रंगांवर आले तर कड आहेच. रंगवण्याचा नियम वेगळा सांगावा लागत नाही, तो K₃ च्या आकारातच आहे.

पाळीवाला
हे वाचून माझं एक जुनं दुखणं आठवलं. आमच्याकडे प्रयोगांच्या पाळ्या पाच दिवसांच्या चक्राने फिरतात, पाचव्यानंतर लगेच पुन्हा पहिला. एकच यंत्र लागणारे दोन प्रयोग त्याच दिवशी नकोत आणि लागोपाठच्या दिवशीही नकोत, यंत्राला एक दिवस विश्रांती हवी. मी रंगवण्याचं गणित म्हणून बसलो. तीन प्रयोग, तिघांना तेच यंत्र, दिवस पाच. जमायला हवं वाटलं, जमेना. पहिला, तिसरा, पाचवा घेतले की पाचवा आणि पहिला लागोपाठ येतात. रंग पाच असून तीन बिंदू रंगत नाहीत, हे काय प्रकरण?

कडेलोट
तुमचे पाच रंग एकमेकांशी मोकळे नाहीत, म्हणून. K₅ मध्ये कुठलेही दोन रंग शेजारी बसू शकतात. तुमच्याकडे १ला फक्त ३ आणि ४ चालतात, २ला ४ आणि ५. कडा काढून बघा: १-३-५-२-४-१. पुन्हा पाचांचं चक्रच! तुमचा प्रश्न K₅ मध्ये उतरण्याचा नसून C₅ मध्ये उतरण्याचा आहे, आणि C₅ मध्ये त्रिकोण नाही. त्रिकोणाचे तिघे उतरणार कुठे? जिथे तीन प्रयोग परस्परांत एकच यंत्र मागतात तिथे हात टेका, नाही तर चक्र सहा दिवसांचं करा. मग १, ३, ५ चालतील.

मृदुला, हे उदाहरण टिपणांत घ्या. रंगवणं म्हणजे K मध्ये उतरणं, हे कळलं की K च्या जागी दुसरा आलेख ठेवायचं धाडस येतं. हेल आणि नेशेत्रिल या गणितज्ञांनी १९९० मध्ये दाखवलं की अशा ठरावीक H मध्ये एकही विषम चक्र नसेल, म्हणजे तो दोन रंगांत रंगणारा असेल, तर ‘G यात उतरतो का’ हे झटपट ठरवता येतं. H मध्ये एक जरी विषम चक्र असलं आणि स्वतःला जोडलेला बिंदू नसला, की प्रश्न एनपी-कंप्लीट. म्हणजे पाळ्यांचा प्रश्न मुळातच अवघड जातीचा, तुमचं काही चुकलं नव्हतं.

पाळीवाला
वरिष्ठांना हे आधी माहीत असतं तर!

अर्धविराम
कोअरबद्दल. गाभा म्हणजे तेवढेच रंग लागणारा सर्वांत छोटा पूर्ण आलेख ना? तीन रंग लागत असतील तर गाभा त्रिकोण. मग ‘रंगगाभा’ म्हणा.

कडेलोट
आलेखात तो त्रिकोण असेल तर बरोबर. तीन रंग पुरत असतील आणि आत त्रिकोण असेल तर गाभा त्रिकोणच. पण पाचांच्या चक्राला तीन रंग लागतात आणि आत त्रिकोण नाही. गाभा आलेखाच्या आतच मिळायला हवा, बाहेरून आणायचा नाही.

एक काढूनच बघू. क-ख-ग-घ-च हे पाचांचं चक्र, च पुन्हा कला जोडलेला. त्यात ट घाला, तो ख आणि च ला जोडलेला. मग ठ, तो फक्त टला लोंबतोय. आता ठची घडी खवर घाला: ठचा एकुलता शेजारी ट, तो खचाही शेजारी आहे, त्यामुळे कड तुटत नाही. मग टची घडी कवर: टचे शेजारी ख आणि च, कचेही तेच. उरलं पाचांचं चक्र. आणखी घडी? चक्राचा एखादा बिंदू जरी वगळून त्याला उरलेल्यात उतरवायचं तर उरलेली असते सरळ रेघ. रेघ दोन रंगांत रंगते, पाचांचं चक्र रंगत नाही. म्हणून इथे थांबायचं. हाच गाभा.

अर्धविराम
अच्छा! म्हणजे पाककृती सोपी: ज्याचे सगळे शेजारी दुसऱ्या कुणाचेही शेजारी आहेत, त्याची घडी त्या दुसऱ्यावर घालायची. अशी घडी मिळेनाशी झाली की गाभा हातात.

कडेलोट
घडी बिनचूक, थांबणं चूक. सहांचं चक्र घ्या, १ ते ६. १चे शेजारी २ आणि ६, ३चे २ आणि ४, ५चे ४ आणि ६. कुणाचेच शेजारी दुसऱ्याच्या शेजाऱ्यांत पूर्ण मावत नाहीत. तुमची कृती पहिल्याच पायरीला अडली. पण १, ३, ५ सगळे १वर आणि २, ४, ६ सगळे २वर पाठवा, सगळं एका कडेवर आलं. गाभा ती एक कड, K₂. इथे एकेक बिंदू न सरकवता सगळे एकदम सरकवावे लागतात, आणि नेमकं तेच डोळ्यांना दिसत नाही.

मृदुला
मग अडल्यावर खरंच गाभ्यावर आलोय हे ओळखायचं कसं?

कडेलोट
एक सोपी खूण: कुठलाही बिंदू काढला की लागणारे रंग कमी होत असतील, तर तो आलेख स्वतःच आपला गाभा. विषम चक्रं अशीच. पाचांच्या चक्रात मधोमध एक बिंदू घालून तो पाचही जणांना जोडा: चार रंग लागतात, कुठलाही बिंदू काढला की तीन पुरतात. गाभाच, आणि K₄ आत कुठे नाही. पण खूण एकतर्फी आहे. पीटरसनच्या दहा बिंदूंच्या आलेखाला तीन रंग लागतात, एक बिंदू काढला तरी तीनच लागतात, आणि तरीही तो स्वतःचा गाभा आहे. सगळीकडे चालणारी झटपट कृती विचाराल तर ठाऊक नाही. ‘हा आलेख स्वतःचाच गाभा आहे का’ हा प्रश्नही अवघड वर्गातलाच.

आप्पा_व्याकरणवाले
तुमचं सगळं वाचलं, निम्मं समजलं, पण भाषेची अडचण मला दिसली. गाभा म्हटलं की आत, मधोमध, एकच. तुमच्या उदाहरणात कच्या जागी ट ठेवला असता तर? ट-ख-ग-घ-च हेही पाचांचं चक्र झालं. मग गाभे दोन?

मृदुला
आप्पा, मन खात होतं ते हेच! सहांच्या चक्रात तर सहापैकी कुठलीही कड गाभा. म्हणून मी ‘अर्क’चा विचार करत होते. अर्क कितीदाही काढला तरी तोच निघतो.

कडेलोट
एकच का निघतो ते सांगतो, शब्द तुम्ही ठरवा. समजा दोन गाभे मिळाले, A आणि B. संपूर्ण आलेख दोन्हींत उतरतो, म्हणून A हा B मध्ये उतरतो आणि B हा A मध्ये. A पासून B मार्गे A पर्यंत फेरी मारा. गाभा आपल्याच लहान तुकड्यात उतरत नाही, त्यामुळे या फेरीत A चा एकही बिंदू गळत नाही. B कडून निघालं तरी तेच. म्हणून दोघांचा आकार एकच, फक्त ठिकाण वेगळं.

पण अर्काला माझी हरकत आहे. अर्क बाटलीत जातो, पाकळी दाखवून ‘हा बघ अर्क’ म्हणता येत नाही. इथे तर बोट ठेवून दाखवता येतो: हे पाच बिंदू, या पाच कडा.

अर्धविराम
‘ऐवज’?

आप्पा_व्याकरणवाले
ऐवज तिजोरीत असतो. ‘अघडी’ म्हणा, जिची आणखी घडी पडत नाही ती.

मृदुला
अघडी! आप्पा, हे टिपणात टाकलं तर छपाईची चूक समजतील. सध्या ‘उतरणे’ पक्कं करतेय, नामाची वेळ येईल तिथे ‘कडराखे चित्रण’. कोअरला पहिल्या पानावर ‘गाभा’ लिहून खाली सहांचं चक्र काढीन, सहाही कडांवर खुणा करून. अर्क कुणाला पटत असेल तर अजून मत द्या, तिसरं प्रकरण छापायला जायचंय.

पाळीवाला
शब्द काहीही ठेवा. मी सहा दिवसांचं चक्र मागितलंय, आता विचारतायत की सहावा दिवस आणायचा कुठून.