बेसनाच्या धिरड्यात तेल किती धरायचं?

मदत हवी आहे. ६० ग्रॅम कोरडं बेसन काट्यावर मोजून घेते, त्यात ११० मिली पाणी. बेसनाचे साधारण २३० कॅलरी, १३ ग्रॅम प्रोटीन. पाण्याचं शून्य, शिवाय तव्यावर बरंच उडून जातं, म्हणून भाजलेल्या धिरड्याच्या वजनावरून हिशोब करणं मी सोडलं. कुरकुरीत भाजलं की वजन घटतं, प्रोटीन तेवढंच!

अडतंय तेलापाशी. तेलाची वाटी आधी-नंतर तोलली तर दोन धिरड्यांना ९ ग्रॅम, म्हणजे ८० कॅलरी. पण बिडाच्या तव्यावर कडेने थोडं उरतंच, ते मी कागदाने टिपते. तो कागद आधी-नंतर तोलून वजा करायचा, की सगळे ९ ग्रॅम धरायचे? तुम्ही काय करता?