मदत हवी आहे: राजीनाम्याच्या पत्रात साहेबांना नेमकं काय आणि कसं लिहायचं?

अबोली_६
नमस्कार मंडळी. मला राजीनामा लिहायचाय, उद्या सकाळी ऑफिसात द्यायचाय आणि दोन तास झाले कागदावर पहिली ओळच पुढे सरकत नाहीये. साहेब फार चांगले आहेत, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले, त्यामुळे पत्रात मान कुठेही कमी पडायला नको. नेटवर जे नमुने आहेत ते एकतर शाळेच्या निबंधासारखे आहेत नाहीतर इंग्रजीचं भाषांतर. मी लिहिलेलं खाली देते, प्लीज कोणीतरी दुरुस्त करून द्या, वेळ नाहीये.

प्रति,
मा. आदरणीय श्री. … साहेब
विषय : राजीनामा देत असल्याबाबत कळविणेबाबत
महोदय साहेब,
वरील विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. तरी सदर राजीनामा तात्काळ मंजूर करून मला कार्यमुक्त करावे व याची नोंद घ्यावी.
आपली आज्ञाधारक

हिंजवडीकर
एवढं कशाला? एचआरला मेल टाका, शेवटचा दिवस लिहा, मॅनेजरला सीसी करा. मी तीन कंपन्या सोडल्या, एकदाही चार ओळींच्या वर लिहिलं नाही. नोटीस पिरियड किती आहे तुमचा? बायआउट होतोय का ते आधी बघा.

सह्याद्री_मास्तर
अहो हिंजवडीकर, "कार्यमुक्त" आणि "सदर" वाचून कळत नाही का, ताई सरकारी आहेत. ताई, पत्र छान आहे, फक्त शेवटी "आपली नम्र व आज्ञाधारक" करा. आम्ही आयुष्यभर असंच लिहिलं. आणि कारण मोकळेपणाने लिहा, लपवू नका. मात्र रागात लिहू नका एवढं माझ्या अनुभवावरून सांगतो. बदली डावलली म्हणून मी एकदा राजीनाम्यातच "माझ्यावर झालेल्या अन्यायामुळे नाइलाजास्तव" असं लिहिलं, तर राजीनामा बाजूला राहिला आणि अन्याय कोणी केला याचा खुलासा मलाच मागितला. चार महिने नुसता पत्रव्यवहार चालला. शेवटी मी तो राजीनामा मागे घेतला, मंजूर झाला नव्हता म्हणून घेता आला.

शब्दवेल्हाळ
माझी एक कळकळीची सूचना. "राजीनामा" हा फारसीतून आलेला शब्द आहे, त्याऐवजी "त्यागपत्र" लिहा. एवढं सुंदर मराठी पत्र आणि विषयातच परका शब्द.

जुना_बारनिशी
त्यागपत्र लिहू नका. सेवापुस्तकात नोंद "राजीनामा" अशीच होते, आदेश "राजीनामा मंजूर करण्यात येत आहे" असाच निघतो, आणि त्यागपत्र हा शब्द आपल्यापेक्षा हिंदीत जास्त चालतो. बाकी भाषेचं नंतर बोलू.

अबोलीताई, मी पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेत मिळून एकतीस वर्षं टपाल बघितलंय, म्हणून आधी चार गोष्टी विचारतो. कुठलं ऑफिस, पद कोणतं? साहेब म्हणजे कोण? नोकरी का सोडताय? आणि कायम झालात का? हे कळल्याशिवाय मायना सांगता येत नाही, कारण पत्र कोणाच्या नावाने जायला पाहिजे तेच तुमच्या मसुद्यात नाही.

अबोली_६
अरे हो, ते राहिलंच. पंचायत समिती, कनिष्ठ सहाय्यक, कायम आहे. साहेब म्हणजे आमचे बीडीओ. राज्य कर निरीक्षक म्हणून निवड झालीय एमपीएससीतून, जॉईन व्हायला थोडेच दिवस आहेत. पण त्याचा मायन्याशी काय संबंध? मला फक्त मानाचे शब्द हवेत.

जुना_बारनिशी
संबंध आहे, आणि फार मोठा आहे. सावकाश वाचा.

कनिष्ठ सहाय्यकाची नेमणूक मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, त्यामुळे राजीनामा मंजूर करण्याचा अधिकारही त्यांचाच. बीडीओंच्या नावाने लिहिलंत तर पत्र तिथून पुढे पाठवताना कोणीतरी "योग्य प्राधिकाऱ्यास अर्ज करावा" म्हणून परत करेल आणि तुमचे आठ दिवस जातील. म्हणून "प्रति" खाली मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्याखाली "मार्फत" लिहून गट विकास अधिकारी. तुमच्या साहेबांचा मान या "मार्फत" मध्येच आहे. त्यांना वगळून थेट वर पत्र देणं हाच खरा अपमान समजतात.

आता मान. "मा. आदरणीय श्री. साहेब" हे एकावर एक चढवलेले मान आहेत. कचेरीच्या पत्रात पदाच्या आधी एक "मा." पुरतो, "साहेब" बोलण्यात, आणि "आदरणीय" घरगुती पत्रात किंवा सभेत. नाव लिहूच नका, पत्र पदाला असतं. उद्या साहेबांची बदली झाली तरी पत्र जागेवर राहतं.

सगळ्यात खटकलं ते "आपणास कळविण्यात येते की". हे वरून खाली येणारं वाक्य आहे. साहेब आपल्याला कळवतात, आपण साहेबांना "सविनय सादर करते" किंवा "विनंती करते". "नोंद घ्यावी" आणि "तात्काळ" हेही तसंच, ते हुकुमासारखं वाटतं. "मंजूर करून मला कार्यमुक्त करावे" ऐवजी "मंजूर होऊन मला कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती" म्हणा. तारीख मात्र ठाम लिहा, तिथे नम्रता नको.

आणि "वैयक्तिक कारणास्तव" आधी काढून टाका. परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी पदावर जाताना दिलेला राजीनामा आणि घरच्या कारणाने दिलेला राजीनामा हे नियमात एक नाहीत. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत, नियम ४६ बघा, नुसता राजीनामा दिला की मागची सेवा गमावली जाते, परवानगीने दुसऱ्या नेमणुकीसाठी दिला तर गमावली जात नाही. ते दोन शब्द तुम्ही सभ्यपणा म्हणून लिहिलेत, पण पुढे तुमचीच सहा वर्षं त्यात अडकतील. परीक्षेचा अर्ज करताना ना हरकत घेतली होती ना?

कोकणकडा
माफ करा पण अर्धं बरोबर अर्धं नाही. ताई सहा वर्षांपूर्वी लागल्यात म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या, त्यांना एनपीएस आहे, जुनी पेन्शन नाही. मग नियम ४६ सांगून घाबरवताय कशाला? प्रान नंबर तोच चालू राहतो.

जुना_बारनिशी
पेन्शनपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण शिल्लक रजा, वेतन संरक्षण, उपदान हे सेवा सलग धरली की नाही यावरच ठरतं आणि ते तपासणारा लेखा विभागाचा माणूस आधी राजीनाम्याचं कारण वाचतो. शिवाय जिल्हा परिषदेतून राज्य शासनात जाताना काय काय धरतात हे नवीन विभागाच्या आस्थापनेकडून लेखी घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

सह्याद्री_मास्तर
मग "आज्ञाधारक" चं काय? ते तर चुकीचं नाही ना?

जुना_बारनिशी
चुकीचं नाही मास्तर, जुनं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा "आपला आज्ञाधारक" च होतं. आता "आपला विश्वासू", बाई असतील तर "आपली विश्वासू". फाईलवर दोन्ही चालतात.

सह्याद्री_मास्तर
मला विश्वासू पटत नाही. दुकानदार पण विश्वासू लिहितो. नोकरी सोडताना आज्ञाधारक म्हटलं की सहा वर्षांची जाणीव दिसते.

अबोली_६
ना हरकत आहे, तेव्हा साहेबांनीच सही करून पुढे पाठवली होती, पत्र घरी आहे. बापरे, मी खरंच उद्या तेच देणार होते. अजून एक, आमच्या सीईओ मॅडम आहेत. मग "मा. सौ." लिहायचं की "श्रीमती"? आणि महोदय की महोदया?

कोकणकडा
श्रीमती अजिबात नको. आमच्या गावात नवरा गेलेल्या बाईलाच श्रीमती म्हणतात. आईच्या पासबुकावर बँकेने श्रीमती छापलं तेव्हा वडील जिवंत होते, ती दोन दिवस जेवली नाही नीट. शेवटी वडील स्वतः जाऊन बदलून घेऊन आले.

शब्दवेल्हाळ
श्रीमती म्हणजे जिच्याजवळ श्री आहे ती, त्यात वैधव्याचा काहीही संबंध नाही. शब्दाचा अर्थ लोकांनी बिघडवला म्हणून आपण शब्द टाकायचा का?

कोकणकडा
आईला व्युत्पत्ती सांगू का मग मी?

जुना_बारनिशी
दोघांचंही बरोबर आहे, घरात एक अर्थ आणि कचेरीत एक. कचेरीत लग्न झालेलं असो नसो सगळ्या बायकांना श्रीमती लावतात, सौ. आणि कु. मध्ये माणूस उगाच दुसऱ्याच्या घरात डोकावतो. पण इथे प्रश्नच येत नाही, कारण नाव लिहायचं नाहीये. पद तेच राहतं, "मा. मुख्य कार्यकारी अधिकारी", आणि मायना "महोदया". हे घ्या, जागा भरून स्वच्छ लिहा.

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, …
मार्फत : मा. गट विकास अधिकारी, पंचायत समिती, …
विषय : राज्य कर निरीक्षक पदावरील नियुक्तीकरिता कनिष्ठ सहाय्यक पदाचा राजीनामा सादर करणेबाबत.
संदर्भ : १) ना हरकत प्रमाणपत्र क्र. … दि. …  २) नियुक्ती आदेश क्र. … दि. …
महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, संदर्भ क्र. १ अन्वये आपल्या कार्यालयाच्या परवानगीने मी स्पर्धा परीक्षेस बसले होते. संदर्भ क्र. २ अन्वये माझी राज्य कर निरीक्षक पदावर नियुक्ती झाली आहे. सदर पदावर रुजू होण्यासाठी मी कनिष्ठ सहाय्यक पदाचा राजीनामा सादर करीत आहे. तो मंजूर होऊन मला दि. … रोजी कार्यालयीन वेळेनंतर कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती.
या कार्यालयात मला कामकाज शिकण्याची संधी व वरिष्ठांचे मार्गदर्शन लाभले, याबद्दल मी ऋणी आहे.
आपली विश्वासू,

खाली "प्रत" लिहिणार असाल तर वरिष्ठांना "माहितीस्तव सविनय सादर" म्हणा, "रवाना" खालच्या ऑफिसला म्हणतात. तारीख टाकण्याआधी तुमच्या नेमणुकीच्या आदेशात नोटिशीची अट किती दिवसांची आहे ती वाचा.

हिंजवडीकर
म्हणजे ऋणी आहे ही एकच ओळ साहेबांसाठी? एवढे चांगले साहेब आहेत तर त्यांचं नाव घेऊन दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

जुना_बारनिशी
ते पत्र मॅडमच्या नावाने आहे हो. साहेबांना वेगळं पत्र लिहा ताई, हाताने, साध्या कागदावर, तिथे "आदरणीय साहेब" लिहा आणि मनापासून लिहा. फाईलला लावायचं नाही ते.

अबोली_६
आज दिलं. आदेशात एक महिन्याची अट निघाली, मी तर पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकणार होते. साहेबांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, "मार्फत" वर बोट ठेवून "बरोबर लिहिलंस" म्हणाले आणि तिथेच "शिफारशीसह सादर" असा शेरा मारून सही केली. बारनिशीत दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊन आले. दुसरं पत्र अजून पर्समध्येच आहे, "आदरणीय साहेब" पर्यंत लिहून झालंय.
जुने बारनिशी काका, खूप आभार. नवीन ऑफिसला जॉईन व्हायची मुदत मात्र महिन्याच्या आतच संपतेय. मुदतवाढ मागायची की इथे नोटीस कमी करून मागायची? आणि ती विनंती याच पत्राला जोडायची की वेगळी?

जुना_बारनिशी
वेगळी. दिलेल्या पत्राला हात लावू नका. आधी नवीन विभागाला मुदतवाढीसाठी लिहा, आजच्या पोचेची प्रत जोडून. मुदत कोणत्या तारखेला संपतेय ते सांगा, मग मसुदा बघू.