विषय: रात्री हात बधिर होतो, स्प्लिंट लावूनही तेच

सुजाता, लेस्टर

नमस्कार मंडळी,
दोन महिने झाले, पहाटे तीनच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. उठून बसायचं, हात जोरजोरात झटकायचा, मग पाचेक मिनिटांनी त्यात जीव येतो. आमच्या जीपीने कार्पल टनेल म्हणून सांगितलं आणि रात्री स्प्लिंट लावायला सांगितला. केमिस्टकडून आणून आठ रात्री लावला, पण उलट वाढलंय. आता नसांची तपासणी मागून घेऊ, की थेट ऑपरेशनचं विचारू?

श्रीकांत

सुजाता, झोपेत मनगट दुमडतं आणि नस दाबली जाते, म्हणून हे रात्री होतं. पण पट्ट्याबिट्ट्याने काही साधत नाही. आधी तपासणी कर, तीत काही निघालं नाही तर चिंताच मिटली. तोवर बी-सिक्सच्या गोळ्या घे. मी दीड वर्ष रोज मोठ्या डोसच्या घेतोय. मलाही तुझ्यासारख्याच मुंग्या यायच्या, आता पूर्ण थांबल्यात.

नलिनी

मला अगदी हेच होतं गं! करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, विशेषतः फोन कानाला लावून बोलताना. तुझा स्प्लिंट कुठल्या कंपनीचा? मीही आणते.

अश्विनी

नलिनीताई, थांबा. तुमची नस बहुधा कोपरापाशी दाबली जातेय. करंगळीची नस वेगळी असते, ती मनगटातल्या त्या बोगद्यातून जात नाही. तुम्हाला मनगटाच्या स्प्लिंटचा उपयोग व्हायचा नाही. कोपर फार वेळ दुमडून ठेवू नका आणि एकदा दाखवून घ्या.

सुजाता, मी हँड थेरपिस्ट आहे, रोज असे हात बघते. आधी एक कर. अनामिकेच्या दोन्ही कडांवरून कापूस फिरव. मधल्या बोटाकडची कड बोथट आणि करंगळीकडची चांगली लागली, तर जीपीचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता बरीच वाढते.

आता स्प्लिंट. त्यात तळहाताच्या बाजूला धातूची पट्टी असते, ती बाहेर सरकवून बघ. बऱ्याच तयार स्प्लिंटमध्ये ती वर वाकवलेली येते, त्यामुळे मनगट मागे मोडलेलं राहतं. मनगट पुढे दुमडलं काय किंवा मागे, दोन्हीकडे बोगद्यातला दाब वाढतोच. पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून सरळ कर. वेल्क्रो एवढंच आवळ की खालून एक बोट सहज जाईल. बोटं मोकळी राहू देत. मग सहा आठवडे रोज रात्री लाव. आठ रात्रींत निकाल लागत नाही.

श्रीकांतकाका, तपासणीत काही निघालं नाही म्हणून चिंता मिटली असं होत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ती नॉर्मल येऊ शकते. लक्षणं एवढी ठळक असताना स्प्लिंटसाठी तिची वाट बघायची गरज नसते. निदानाबद्दल शंका असेल, मानेतून त्रास येतोय असं वाटत असेल किंवा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तेव्हा ती करतात. सुजाता, थायरॉइड आणि साखर मात्र तपासली नसेल तर विचार.

सुजाता

अश्विनी, पट्टी खरंच होडीसारखी वाकलेली होती! सरळ केली. आज पाचवा आठवडा, सातपैकी दोनच रात्री जाग आली. अनामिकेचं तू म्हणालीस तसंच निघालं. थायरॉइडचा रिपोर्ट यायचाय. जीपी म्हणतात, सहा आठवड्यांनी उरलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन. घ्यावं का? त्याचा गुण टिकतो का?

अश्विनी

कुणाला महिनोन्महिने पुरतं, कुणाचं परत सुरू होतं. तुझं कसं होईल ते आत्ता सांगता येणार नाही. आधी सहा आठवडे पुरे कर.

काका, तुमच्या मेलमधलं एक वाक्य मनातून जात नाही. मुंग्या थांबल्या, पण बोटांना आधीसारखं कळतं का? शर्टाचं बटण न बघता लागतं?

श्रीकांत

नाही. वर्षभर बटणं हीच लावून देते, मला वाटलं वयामुळे. चहाचा कपही दोनदा सुटला. तू विचारल्यावर दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिले. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी फुगीर भाग आहे, उजवीकडे तिथे खळगा पडलाय.

अश्विनी

काका, मग हे बरं होणं नव्हे. नस इतकी दमली की मुंग्यासुद्धा येईनाशा होतात. स्प्लिंटची वेळ बहुधा गेली. याच आठवड्यात जीपीकडे जा आणि 'अंगठ्याचा स्नायू बारीक झालाय, बोटं सतत बधिर आहेत' असं स्पष्ट सांगा. आता नसांची तपासणी आणि ऑपरेशन, दोन्हींचं बोलणं व्हायला हवं. हाताला भूल देऊन वरचा जाड पडदा कापतात, साधारण त्याच दिवशी घरी सोडतात. पकड यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. गेलेला स्नायू सगळा भरून येईल असं मी म्हणणार नाही, पण आहे तो वाचवायचाय. आणि बी-सिक्सची बाटली सोबत न्या. मोठ्या डोसने फार दिवस घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात, बधिरपणा येतो. तुमच्या हातात दोन्हींपैकी किती कशाचं, ते तपासल्यावरच कळेल.

श्रीकांत

सोमवारी सकाळी आठला फोन लावतो. पायाची बोटंही बधिर वाटतात, तेही सांगू का?

अश्विनी

तेच सगळ्यात आधी सांगा. पायांचं कारण मनगटात असू शकत नाही.