अनुभव धागा: अख्खा जिताडा घरी साफ करताना खवले, बुळबुळ आणि वास

धागाकर्ती: बाजारात कापून देतात, पण अख्खा मासा घरी आणला की खवले भिंतीवर आणि वास हातावर. साधारण किलोभराचा जिताडा धरून चालू. कोण कशाने आणि किती वेळ साफ करतं ते नेमकं लिहा. मीठ-लिंबाचं प्रमाणही हवं.

खाडीकर: आधी पर कापा. जिताड्याच्या पाठीवरचे काटे टोकदार असतात आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. खवले काढताना हात तिथेच जातो, म्हणून मोठ्या कात्रीने शेपटीकडून डोक्याकडे पर छाटून घ्यायचे. मग मासा ओला करायचा, कारण सुकलेले खवले कातडीला चिकटून बसतात. शेपटी जाड्या मिठाच्या चिमटीत धरली की निसटत नाही. सुरीची बोथट बाजू थोडी तिरपी धरून शेपटीकडून डोक्याकडे छोटे छोटे झटके द्या. मोठ्या पातेल्यात, पाण्याखाली केलं तर खवले उडत नाहीत. पोटाखाली, परांच्या मुळाशी आणि डोक्यामागे हमखास राहतात. शेवटी बोट उलटं फिरवून बघा, खरखर लागली की परत घासा.

लिंबूपाणी: मी तर सरळ दोन लिंबं पिळून मीठ टाकून अर्धा तास बुडवून ठेवते. वास पूर्ण जातो.

खाडीकर: लिंबाने वास कमी होतो हे खरं. समुद्री माशाचा तो वास आम्लाने दबतो. पण अर्ध्या तासात मांस वरून पांढरं पडतं, मऊ होतं आणि तव्यावर सुटतं. किलोला दोन मोठे चमचे जाडं मीठ घ्या, कोरड्याच माशाला बाहेरून, पोटातून आणि डोक्याला चोळा. दोनेक मिनिटांत करडा फेस येईल, तीच बुळबुळ. थंड पाण्याने धुवा. हात घसरत असेल तर परत अर्धं मीठ. त्यानंतर एका लिंबाचा रस लावून पाच मिनिटं, लगेच धुऊन फडक्याने कोरडा. गरम पाणी मात्र नको, त्याने बुळबुळ शिजते आणि कातडीला चिकटते.

नवशिकी_पुणे: बोंबलाला पण असंच का? माझे मिठाने चोळल्यावर तुटलेच.

धागाकर्ती: बोंबील वेगळं प्रकरण आहे. त्याचे खवले खरवडावे लागत नाहीत. डोकं, पर, पोट कात्रीने काढा, हलक्या हाताने धुवा आणि मीठ लावून वजनाखाली पाणी दाबून काढा. चोळायचं नाही. आता जिताड्याकडे या.

मत्स्यप्रेमी: वासाचं खरं घर पोटात आहे. शेपटीजवळच्या छिद्रापासून कल्ल्यापर्यंत फाडताना सुरीचं टोक वरवरच ठेवा. खोल गेलं की पित्ताची हिरवट पिशवी फुटते आणि तेवढा भाग कडू होतो. फुटलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, हिरवा डाग राहिला तर तो भाग कापून टाका, लिंबाने कडूपणा जात नाही. आतडी निघाली की कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ दिसते. वरचा पापुद्रा फाडून ती जुन्या दातब्रशने घासा. बरेच लोक हीच सोडतात आणि मग लिंबावर लिंबं पिळत बसतात. कल्ले डोकं शिजवणार असाल तरी काढा. गाबोळी असेल तर फेकू नका, बाजूला ठेवा.

ऑहायोकर: आमच्याकडे गोठवलेला रोहू मिळतो. सगळं केलं तरी मातीचा वास राहतो, तेव्हा मीठ कमी पडतं का?

मत्स्यप्रेमी: मिठाचा दोष नाही. गोड्या पाण्यातल्या माशाचा मातीचा वास चरबीत आणि कातडीत मुरलेला असतो. पोटाच्या आतला काळा पापुद्रा आणि पोटाकडची चरबी काढा, आंबट लावा. कमी होईल, नाहीसा होईलच असं नाही.

आगळवाली: लिंबाऐवजी कोकमाचं आगळ, दोन चमचे. पण तुकडे केल्यावर धुवायचं की नाही? आमच्याकडे धुतात.

खाडीकर: मी नाही धुत. अख्खा असतानाच सगळं उरकतो. तुकडे धुतले की चव पाण्यात जाते.

आगळवाली: एकदा भर्रकन धुतल्याने काही जात नाही. कण्याचं रक्त कापल्यावरच दिसतं.

मत्स्यप्रेमी: दोघांचंही चालतं, फक्त पाण्यात ठेवून देऊ नका. आणि कल्ले तपकिरी, डोळे खोल गेलेले, चोळून धुतल्यावरही वास नाकाला झोंबतोय, तर मासा शिळा आहे. लिंबू तिथे फक्त वास झाकतं. असा जिताडा टाकून द्या.