फोनवर बरंय, पाय मात्र सुजलेले

"आईवडील गावी एकटेच आहेत. रोज फोन करतो, बरंय म्हणतात. पुण्यात बसून अजून काय बघायचं?"

गोळ्यांची पाकिटं बघा आधी. आमचं गाव विट्याजवळ, भाऊ गलाईच्या धंद्यात कोइमतूरला, मी पिंपरीत. आईची बीपीची गोळी मी इथनं पाठवायचो आणि तिकडं विट्यातल्या डॉक्टरांनी पण एक लिहून दिलेली. कंपन्या वेगळ्या, पाकिटाचे रंग वेगळे, आत औषध एकच, अम्लोडिपिन ५ मिग्रॅ. म्हणजे आई रोज १० मिग्रॅ घेत होती आणि आम्हाला पत्ताच नाही, कारण फोनवर "घेते रे गोळ्या" म्हणायची, ते खोटं पण नव्हतं!

गणपतीत गेलो तर दोन्ही घोटे सुजलेले, बोट दाबलं की खड्डा. आई म्हणे वयानं होतं. या गोळीचा डोस वाढला की पाय सुजतात, उठताना चक्कर पण येऊ शकते. अर्थात सूज हृदय, किडनीमुळंही येते, त्यामुळं स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. आम्ही सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांपुढं ओतली, त्यांनी एक बंद केली, पंधरा दिवसांत सूज उतरली.

आता शेजारची पोरगी महिन्याला सगळ्या पाकिटांच्या मागच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॅपला टाकते. कंपनीचं नाव सोडा, बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचायचं. आणि किती गोळ्या उरल्यात ते मोजायचं, कमी उरल्या तर डबल चालल्यात, जास्त उरल्या तर विसरतायत.